राजीनाम्यानंतर एक्सपिरीयन्स लेटर आणि रिलीव्हिंग लेटर मागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजीनामा दिलाय, नोटीस संपली, नवीन ठिकाणी जॉइन पण झालो पण जुनी कंपनी लेटर देत नाहीये, या अर्थाचे मेसेज सतत येत असतात म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी लिहून ठेवतोय. खाली जिथे जिथे तारखा आहेत त्या एकाच उदाहरणातल्या आहेत. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत अकाउंट्सला असलेल्या मुलीचं उदाहरण धरलंय, नोटीस पिरियड 60 दिवस. उदाहरण बनवलेलं आहे पण घडतं ते असंच.

1. रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरीयन्स लेटर एकच असतं का?

नाही, पण बऱ्याच छोट्या कंपन्या एकाच कागदावर दोन्ही देतात आणि ते चालतं. रिलीव्हिंग लेटर म्हणजे तुमचा राजीनामा मंजूर झाला आणि अमुक तारखेला ऑफिस सुटल्यावर तुम्हाला कामातून मोकळं केलं एवढंच सांगणारा कागद. नवीन कंपनीला हाच आधी हवा असतो कारण हा माणूस अजून दुसरीकडे नोकरीत नाही ना हे त्यांना बघायचं असतं.

एक्सपिरीयन्स लेटर म्हणजे तुम्ही कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या पदावर, काय काम केलं त्याचा दाखला. याचा उपयोग पुढची कित्येक वर्षं होतो, तिसरी चौथी नोकरी बदलताना, परदेशात अर्ज करताना. काही ठिकाणी याला सर्व्हिस सर्टिफिकेट म्हणतात, काम तेच. मागताना दोन्हींची नावं स्वतंत्र लिहा, नुसतं "माझं लेटर द्या" लिहिलं की एचआर एक पाठवतात आणि विषय बंद करतात.

2. माझा लास्ट वर्किंग डे नक्की कोणता धरायचा? एचआर एक तारीख सांगतात, माझ्या हिशोबाने दुसरीच येते.

हा एका दिवसाचा घोळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो. आपल्या उदाहरणात राजीनाम्याचा मेल गेला सोमवारी 12 जानेवारी 2026 ला. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर 13 जानेवारी हा पहिला दिवस, जानेवारीचे 19, फेब्रुवारीचे 28 मिळून 47, आणि साठावा दिवस येतो शुक्रवार 13 मार्च. पण राजीनाम्याचाच दिवस पहिला धरला तर तो गुरुवारी 12 मार्चला संपतो. दोन्ही पद्धती कंपन्यांमध्ये चालतात, त्यामुळे कोण बरोबर यावर वाद घालण्यात अर्थ नाही. राजीनामा मंजूर केल्याचा मेल किंवा लेटर जे असेल त्यात जी तारीख लिहिलीय तीच खरी धरा, आणि त्यात तारीखच नसेल तर नोटीस चालू असतानाच एका ओळीचा मेल टाका की माझा शेवटचा दिवस शुक्रवार 13 मार्च 2026 धरतेय, बरोबर आहे ना ते कळवा.

महिन्यांची नोटीस असेल, म्हणजे "दोन महिने" असं लिहिलं असेल, तर दिवस मोजू नका, तारखेने मोजा. दोन महिने आणि 60 दिवस यात फेब्रुवारी आला की फरक पडतोच.

तारीख एवढी का महत्त्वाची, तर हीच तारीख रिलीव्हिंग लेटरवर, एक्सपिरीयन्स लेटरवर, पीएफमध्ये आणि शेवटच्या सॅलरी स्लिपमध्ये एकसारखी लागते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारे या चार ठिकाणच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघतात.

3. लेटर कधी मागायचं? शेवटच्या दिवशी की नंतर?

शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी तोंडी आणि मेलवर आठवण, आणि शेवटच्या दिवशी क्लिअरन्स फॉर्म सही करून घेताना परत एकदा. बऱ्याच ठिकाणी रिलीव्हिंग लेटर त्याच संध्याकाळी मिळून जातं आणि पुढचं काही करावंच लागत नाही. आयटीला लॅपटॉप, ॲडमिनला आयडी कार्ड, अकाउंट्सला ॲडव्हान्सचा हिशोब, स्टोअरला टूल्स, या प्रत्येक सहीचा फोटो काढून ठेवा आणि लॅपटॉप दिल्याची पोच लेखी घ्या. पुढे लेटर अडलं तर "तुमचा क्लिअरन्स पेंडिंग आहे" हेच पहिलं कारण येतं, तेव्हा फोटो दाखवला की मुद्दा तिथेच संपतो.

अजून एक, ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो. राजीनाम्याचा मेल आणि मंजुरीचा मेल त्याआधी स्वतःच्या पर्सनल ईमेलवर असायला हवेत. राजीनामा पाठवतानाच सीसीमध्ये स्वतःचा पर्सनल आयडी टाकलेला असेल तर उत्तमच. फक्त हे दोन-तीन मेल घ्या, कंपनीच्या फाइल्स आणि क्लायंटचा डेटा अजिबात नाही, त्यावरूनच लेटर अडवलेलं बघितलंय.

4. कंपनीला लेटर किती दिवसांत द्यावंच लागतं? कायदा काय म्हणतो?

रिलीव्हिंग लेटर इतक्या दिवसांत द्या असा सगळ्या ऑफिसांना लागू पडणारा एकच आकडा कायद्यात नाही. त्यामुळे "कायद्याने सात दिवसांत द्यावं लागतं" असं मेलमध्ये ठोकून देऊ नका, एचआरला ते माहीत असतं आणि तुमच्या बाकीच्या बरोबर मुद्द्यांचं पण वजन जातं. मुदत शोधायची ती स्वतःच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये आणि कंपनीच्या एक्झिट पॉलिसीत. तिथे 30 किंवा 45 दिवस लिहिले असतील तर तुम्ही आठव्या दिवशी डेडलाइन देऊन उपयोग नाही, त्यांच्याच पॉलिसीची तारीख मोजून ती लिहा, आणि लवकर हवं असेल तर ती विनंती आहे असं स्पष्ट लिहा.

कारखान्यातल्या कायम कामगारांसाठी 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना नियमांत सर्व्हिस सर्टिफिकेटचा हक्क लिहिलेला होता, त्यामुळे मोठ्या कारखान्यांत ही पद्धत जुनी आहे.

पैशांचं मात्र वेगळं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झालीय आणि तिच्या कलम 17 प्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतनसुद्धा दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला 30 दिवस. म्हणजे "फुल अँड फायनल 45 दिवसांनी होतं आणि लेटर त्याच्यानंतरच" हे जे सर्रास सांगतात त्यातला पगाराचा भाग आता तसा राहिलेला नाही.

5. डेडलाइन दिली तर उद्धटपणा वाटेल का? आणि किती दिवसांची द्यायची?

डेडलाइनने कोणी दुखावत नाही, तिच्यामागचं कारण सांगितलं नाही की दुखावतात. "दोन दिवसांत लेटर पाठवा" हे हुकूम वाटतं. "नवीन कंपनीने मला 10 एप्रिलपर्यंत रिलीव्हिंग लेटर जमा करायला सांगितलंय, म्हणून गुरुवार 2 एप्रिलपर्यंत मिळालं तर फार मदत होईल" यात तारीख तितकीच पक्की आहे पण समोरच्याला ती कुठून आली ते कळतं.

आता 2 एप्रिलच का ते बघा. शेवटचा दिवस 13 मार्च, पुढच्याच आठवड्यात 19 तारखेला गुढीपाडवा, आणि मार्चअखेर असल्यामुळे अकाउंट्स आणि पेरोलवाले मान वर करत नाहीत. म्हणून पहिला लेखी मेल 25 मार्चला, बुधवारी. तिथून साधारण आठवडा दिला की 2 एप्रिल, गुरुवार. 3 तारखेला गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार, म्हणजे 2 तारीख हुकली तरी 6 एप्रिलला सोमवारी आठवण करून 10 च्या आत चार दिवस हातात राहतात. डेडलाइन नेहमी अशी उलट मोजायची, तुम्हाला खरी गरज ज्या दिवशी आहे तिथून मागे आठवडाभर. खरी शेवटची तारीखच डेडलाइन म्हणून दिली तर एक दिवस उशीर झाला तरी तुम्ही अडकता.

तारीख वारासकट लिहा. "पुढच्या आठवड्यात", "लवकरात लवकर", "ॲज अर्ली ॲज पॉसिबल" हे लिहिलं की काहीच न लिहिल्यासारखं आहे, एचआरच्या टू-डू लिस्टमध्ये ते कुठे टाकायचं तेच कळत नाही.

6. मेल कसा लिहायचा? नमुना द्या ना.

देतो. ऑफिसचा व्यवहार ज्या भाषेत चालतो त्या भाषेत लिहा पण मजकूर आणि क्रम हाच ठेवा:

> विषय: रिलीव्हिंग लेटर व एक्सपिरीयन्स लेटरबाबत विनंती, एम्प्लॉयी कोड (तुमचा कोड), शेवटचा दिवस 13 मार्च 2026
>
> नमस्कार मॅडम,
>
> मी अकाउंट्स विभागात 4 जुलै 2022 पासून काम करत होते. मी 12 जानेवारी 2026 रोजी राजीनामा दिला, आपण तो 15 जानेवारी 2026 च्या मेलने मंजूर केला आणि 60 दिवसांची नोटीस पूर्ण करून शुक्रवार 13 मार्च 2026 हा माझा शेवटचा दिवस होता. त्याच दिवशी सर्व विभागांचा क्लिअरन्स पूर्ण झाला आहे, फॉर्मची प्रत सोबत जोडली आहे.
>
> मला अद्याप रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरीयन्स लेटर मिळालेलं नाही. नवीन ठिकाणी ही कागदपत्रं 10 एप्रिलपर्यंत जमा करायची आहेत, त्यामुळे दोन्ही पत्रं गुरुवार 2 एप्रिल 2026 पर्यंत या ईमेलवर पाठवावीत ही विनंती. सही-शिक्क्याची स्कॅन प्रत चालेल.
>
> एक्सपिरीयन्स लेटरमध्ये रुजू होण्याची तारीख 4 जुलै 2022, शेवटची तारीख 13 मार्च 2026 आणि शेवटचं पद अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह (1 एप्रिल 2024 पासून) असा उल्लेख असावा.
>
> माझ्याकडून काही बाकी असेल तर कृपया कळवा, मी लगेच पूर्ण करते. मार्चअखेरची गडबड आहे याची कल्पना आहे, त्यात वेळ दिल्याबद्दल धन्यवाद.
>
> (पूर्ण नाव, एम्प्लॉयी कोड, मोबाइल नंबर)

यात सगळ्यात कामाची ओळ "माझ्याकडून काही बाकी असेल तर कळवा" ही आहे. उत्तरात काही बाकी आहे म्हणाले तर ते लेखी मिळतं आणि तुम्ही पूर्ण करू शकता, काहीच म्हणाले नाहीत तर नंतर नवीन कारण काढणं त्यांना अवघड जातं. सोबत तीनच गोष्टी जोडा, राजीनाम्याचा मेल, मंजुरीचा मेल, क्लिअरन्स फॉर्म. ज्या एचआरशी बोलणं चालू आहे त्यांना पाठवा आणि सीसीमध्ये एचआरचा कॉमन आयडी ठेवा कारण एचआरसुद्धा नोकरी सोडून जातात आणि तुमचा मेल त्यांच्या बंद इनबॉक्समध्ये पडून राहतो.

या मेलमध्ये काय लिहायचं नाही तेही सांगतो: मॅनेजरने कसा त्रास दिला, अप्रेझल कसं चुकीचं झालं, आणि पैशांचा वाद. पैशांसाठी वेगळा मेल, वेगळा विषय. दोन्ही एकत्र केलं की लेटर आपोआप सेटलमेंटच्या मागे लागतं आणि तुम्हीच ते तिथे बांधून ठेवलेलं असतं.

7. फक्त व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर मागितलं तर नाही का चालणार?

फोन जरूर करा, निम्म्या लोकांचं काम फोनवरच होतं. पण फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाका, "आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे सोमवारपर्यंत पत्र मिळेल असं आपण सांगितलंत, धन्यवाद". पुढे नवीन कंपनीला दाखवायला किंवा वकिलाकडे जायला हाच कागद लागतो. छोट्या कंपनीत मालकच सगळं बघत असतील आणि मेल वाचतच नसतील तर प्रश्न 6 चाच मजकूर छापून सही करून ऑफिसात नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का किंवा मिळाल्याची सही-तारीख घ्या. तिथे घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून.

8. डेडलाइन उलटली, काहीच उत्तर नाही. आता?

पहिल्या मेललाच रिप्लाय करून आठवण, नवीन मेल नको, म्हणजे सगळ्या तारखा एकाखाली एक दिसतात. आपल्या उदाहरणात 6 एप्रिलला असं: "25 मार्चच्या मेलमध्ये 2 एप्रिलपर्यंत पत्रं मिळावीत अशी विनंती केली होती. अजून उत्तर मिळालेलं नाही. कृपया बुधवार 8 एप्रिलपर्यंत पत्रं पाठवावीत किंवा काही अडचण असेल तर ती आणि अपेक्षित तारीख कळवावी." या वेळी सीसीमध्ये तुमचा रिपोर्टिंग मॅनेजर आणि एचआर हेड. मॅनेजरशी संबंध बरे असतील तर आधी त्यांना फोन करा, बऱ्याचदा त्यांच्याच एका अप्रूव्हलवर सगळं अडलेलं असतं आणि त्यांना माहीतही नसतं.

तेही गेलं तर तिसरा मेल डायरेक्टर किंवा मालकांना, तोही शांत, आधीच्या दोन्ही तारखा लिहून, आणि शेवटी एवढंच की या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास मला कायदेशीर सल्ला घ्यावा लागेल. हे वाक्य तिसऱ्या मेलच्या आधी लिहू नका, आणि लिहिलं तर खरंच करायची तयारी ठेवा.

त्याच दिवशी नवीन कंपनीच्या एचआरला पण कळवा, तो भाग प्रश्न 9 मध्ये.

9. नवीन कंपनी म्हणते रिलीव्हिंग लेटर नसेल तर नोकरी कन्फर्म नाही. दुसरं काही दाखवता येतं का?

येतं, आणि बरेच एचआर मान्य करतात कारण जुन्या कंपन्या कशा वागतात ते त्यांनाही माहीत असतं. राजीनामा मंजूर केल्याचा मेल ज्यात शेवटची तारीख आहे, शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, आणि तुम्ही लेटरसाठी केलेला पाठपुरावा. डेडलाइनसकट केलेल्या मेलचा इथे खरा फायदा होतो, कारण कंपनी देत नाहीये आणि हा माणूस व्यवस्थित मागतोय हे त्यात तारखांनिशी दिसतं. नवीन एचआरला "मी मुदतवाढ मागतोय" असं मोघम न म्हणता "30 एप्रिलपर्यंत वेळ द्या, तोपर्यंत हे कागद घ्या" असं तारीख देऊन मागा.

खोटं लेटर बनवून देऊ नका, मित्राच्या कंपनीचं लेटरहेड वापरू नका. व्हेरिफिकेशनवाले थेट जुन्या एचआरला मेल करतात आणि त्यात सापडलं की नवीन नोकरी पण जाते.

10. पीएफमध्ये एक्झिट डेटच टाकलेली नाही, त्याचा लेटरशी काय संबंध?

संबंध आहे. जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख टाकली नाही तर पीएफ ट्रान्सफर अडतो आणि रेकॉर्डला तुम्ही दोन्हीकडे नोकरीत दिसता, म्हणजे दुहेरी नोकरीचा संशय. म्हणून लेटरच्या मेलमध्ये शेवटी एक ओळ घालायला हरकत नाही की पीएफ पोर्टलवर 13 मार्च 2026 ही एक्झिट डेट नोंदवावी.

त्यांनी नाहीच टाकली तर ही तारीख तुम्हाला स्वतः टाकता येते. नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करून `Manage` मध्ये `Mark Exit`, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. ज्या महिन्याची शेवटची वर्गणी जमा झालीय त्याच महिन्यातली तारीख टाकता येते. टाकण्याआधी दोनदा बघा, प्रश्न 2 मधली मंजूर तारीखच टाका, एकदा नोंदवलेली तारीख नंतर बदलणं त्रासाचं आहे.

11. मी नोटीस पूर्ण केली नाही, 20 दिवसांतच निघालो. लेटर मागायचा हक्क राहतो का?

मागता येतं पण आधी नोटीसचा हिशोब मिटवायला लागतो. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीसऐवजी पैसे भरायची सोय आहे का आणि ते बेसिकवर की ग्रॉसवर ते वाचा, फरक मोठा असतो. समजा ग्रॉस 42,000 आणि बेसिक 21,000, आणि 60 पैकी 40 दिवस कमी भरले. महिना 30 दिवसांचा धरला तर बेसिकवर रोजचे 700 म्हणजे 28,000 रुपये होतात आणि ग्रॉसवर रोजचे 1,400 म्हणजे 56,000. लेटरमध्ये बेसिक लिहिलं असताना ग्रॉसने कापलं तर ती ओळ दाखवून बोला. शिल्लक सुट्ट्यांमधून ॲडजस्ट होतंय का तेही विचारा. आणि काही कंपन्या या रकमेवर वर जीएसटी लावतात, तर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून नोटीस पेच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही असं स्पष्ट केलेलं आहे.

पैसे भरायची तयारी असेल तर मेलमध्ये थेट लिहा: मी अमुक तारखेपर्यंत काम केलं, 40 दिवस नोटीस कमी पडली, अपॉइंटमेंट लेटरच्या अमुक कलमाप्रमाणे होणारी रक्कम कळवा, ती कळल्यापासून पाच दिवसांत भरतो आणि भरल्यानंतर सात दिवसांत दोन्ही पत्रं मिळावीत. इथे डेडलाइन दोन्ही बाजूंना असते त्यामुळे ती सहज मान्य होते. शेवटचा दिवस मात्र तुम्ही प्रत्यक्ष काम केलं तोच राहतो, पैसे भरले म्हणून तारीख पुढे जात नाही.

12. न सांगताच जायचं बंद केलं होतं, कंपनीने ॲबस्कॉन्डिंग लावलंय. काही होऊ शकतं?

अवघड आहे पण दार बंद नसतं. कंपनीने पाठवलेल्या नोटिसांना उत्तर दिलं नसेल तर आधी ते द्या, कारण काय होतं ते थोडक्यात आणि पुराव्यासह, आजारपण असेल तर कागद जोडून. मग उशिराने का होईना राजीनामा द्या आणि प्रश्न 11 प्रमाणे नोटीस पे भरायची तयारी दाखवा. रिलीव्हिंग लेटर नाही म्हणाले तर निदान जॉइनिंगची आणि शेवटची तारीख असलेलं साधं सर्व्हिस सर्टिफिकेट मागा, ते द्यायला बऱ्याच कंपन्या तयार होतात कारण त्यात वागणुकीबद्दल काही लिहावं लागत नाही. आणि नवीन ठिकाणी हे लपवू नका, व्हेरिफिकेशनमध्ये येतंच.

13. लेटर आलं पण पद चुकीचं आहे, तारीख चुकलीय, नावाचं स्पेलिंग वेगळं आहे.

लगेच, त्याच दिवशी कळवा. महिन्याने सांगितलं की "तुम्ही तर स्वीकारलं होतं" म्हणतात. मेलमध्ये एका ओळीत काय लिहिलंय आणि दुसऱ्या ओळीत काय हवं ते, सोबत पुरावा: पदासाठी प्रमोशन लेटर, तारखेसाठी अपॉइंटमेंट लेटर, नावासाठी आधार किंवा पॅन. दुरुस्तीला पाच कामकाजाचे दिवस पुरतात, तशी तारीख लिहा.

नीट बघायच्या गोष्टी म्हणजे लेटरहेड, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, लेटरची स्वतःची तारीख, आणि "राजीनामा" असाच शब्द आहे ना. काही जण चुकून जुन्या फॉरमॅटमधून "सेवा समाप्त केली" असं टाकतात, त्याचा अर्थ काढून टाकलं असा होतो. हा शब्द बदलून घेतल्याशिवाय सोडू नका.

14. मी कंपनीत बसत होतो पण पगार एजन्सी द्यायची. लेटर कोण देणार?

ज्यांच्या पेरोलवर होतात ते, म्हणजे एजन्सी. सॅलरी स्लिपवर आणि पीएफच्या रेकॉर्डमध्ये ज्यांचं नाव आहे त्यांनाच मेल करा, ज्या कंपनीत बसत होतात त्यांना नाही. एजन्सीच्या लेटरमध्ये "अमुक क्लायंटच्या साइटवर काम केलं" असा उल्लेख मात्र मागून घ्या, नाहीतर प्रत्यक्ष काम कुठे केलं ते कुठेच येत नाही.

15. परदेशात अर्ज करायचाय, तिकडे म्हणतात नुसतं एक्सपिरीयन्स लेटर चालत नाही.

बरोबर आहे. उदाहरणार्थ कॅनडाच्या पीआरसाठी जे लेटर मागतात त्यात पद आणि तारखांबरोबर प्रत्यक्ष कामं, आठवड्याचे तास आणि वार्षिक पगार-भत्ते हवे असतात, आणि लेटरहेडवर कंपनीचा पत्ता, फोन, सही करणाऱ्याचं नाव आणि पद. आपल्याकडचं चार ओळींचं "त्यांची वागणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा" हे तिथे पुरत नाही. यासाठी वेगळं लेटर मागा आणि कामांची यादी स्वतः टाइप करून द्या, एचआर ती शून्यातून लिहीत बसणार नाहीत. तुमचा मॅनेजर खात्री देऊ शकेल तेवढंच त्यात लिहा. मुदत इथे थोडी जास्त द्या, दोन-तीन आठवडे.

16. तक्रार करायची तर कुठे?

आधी तुम्ही कायद्याच्या अर्थाने कामगार आहात का ते बघायला लागतं. ऑपरेटर, टेक्निशियन, क्लार्क अशी कामं करणारे त्यात येतात, मॅनेजर किंवा प्रशासकीय काम करणारे येत नाहीत, आणि नवीन औद्योगिक संबंध संहितेत महिना 18,000 च्या वर पगार असलेले सुपरवायझर येत नाहीत. पदाचं नाव नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतात. कामगार असाल तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत प्रश्न 6 आणि 8 चे सगळे मेल तारखेच्या क्रमाने लावून. तिथून कंपनीला बोलावणं गेलं की बऱ्याचदा लेटर पुढच्या तारखेच्या आधीच येतं.

त्यात बसत नसाल तर वकिलाची नोटीस. खर्च वकिलाप्रमाणे बदलतो म्हणून आधी विचारून घ्या. नोटिशीत पण मागणी तीच ठेवायला सांगा, दोन पत्रं आणि त्यांची तारीख. नुकसानभरपाई वगैरे मोठे आकडे टाकले की कंपनी ते प्रकरण त्यांच्या वकिलाकडे देते आणि एचआरच्या टेबलावर सही होऊन सुटलं असतं ते महिनोन्‌महिने लांबतं.

17. कंपनीच बंद झालीय. कोणाकडे मागू?

जुने डायरेक्टर किंवा मालक भेटत असतील तर त्यांच्याकडून साधं पत्र घ्या, शेवटच्या मॅनेजरचं पत्र पण चालून जातं, तो आता दुसरीकडे असेल तर त्याने पर्सनल ईमेलवरून तुमच्याबरोबर कधी आणि काय काम केलं ते लिहून द्यावं. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल तर तिथे नेमलेल्या व्यावसायिकाकडे रेकॉर्ड असतं, त्यांना प्रश्न 6 चा मेल पाठवा. याशिवाय अपॉइंटमेंट लेटर, फॉर्म 16, पीएफ पासबुक आणि टीडीएस दाखवणारं 26एएस, एवढं एकत्र लावलं की कोणत्या वर्षी कुठे नोकरी होती ते सिद्ध होतं. कंपनी बंद झाल्याचं नवीन एचआरला लेखी सांगा आणि हा सेट एकाच पीडीएफमध्ये द्या.